जितका क्षण छोटा, तितका रंगपट्टा रुंद

लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो, असे शाळेच्या पुस्तकात लिहिलेले असते. वर्गात फळ्यावर फिरणाऱ्या लाल पॉइंटरपुरते ते बरोबरही आहे. पण काही लेसरमधून प्रकाश सलग येत नाही, अतिशय छोट्या स्पंदांच्या रूपात येतो. त्यांच्या बाबतीत हे विधान टिकत नाही. टायटेनियम-सफायर लेसरचा १० फेमटोसेकंदांचा स्पंद घ्या. त्याची मधली तरंगलांबी असते ८०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या गडद लालाच्या पलीकडची. हा झोत वर्णपटमापकात सोडला, तर पडद्यावर ८०० या आकड्यापाशी एक बारीक रेघ उमटत नाही. सुमारे ७५० पासून ८५० नॅनोमीटरपर्यंत पसरलेला एक रुंद डोंगर दिसतो. लेसर बिघडला म्हणून असे होत नाही. हा पट्टा नसेल, तर १० फेमटोसेकंदांचा स्पंदही नसेल. दोन्ही एकाच गोष्टीची अंगे आहेत, आणि त्यांच्यातले नाते एका छोट्या गुणाकारात बसते.

आधी फेमटोसेकंद म्हणजे किती ते पाहू. सेकंदाचे दहा लाख भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा अब्ज भाग करा. तो एक फेमटोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश फक्त ०.३ मायक्रोमीटर पुढे जातो. म्हणजे १० फेमटोसेकंदांचा स्पंद हवेतून जाताना त्याची लांबी असते अवघी ३ मायक्रोमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशलहरीला एक आंदोलन पुरे करायला २.६७ फेमटोसेकंद लागतात. १० फेमटोसेकंदांत चार आंदोलनेही पुरती बसत नाहीत.

आता मूळ प्रश्न. छोट्या स्पंदाला अनेक तरंगलांब्या का लागतात?

शुद्ध एका वारंवारतेची लहर कशी असते याचा विचार केला, की उत्तराची दिशा सापडते. अशी लहर एकसारखी वर-खाली होत राहते. तिला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. जी लहर मध्येच सुरू झाली किंवा मध्येच थांबली, ती शुद्ध एका वारंवारतेची राहिली नाही. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी उष्णतेवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात दाखवलेली पद्धत इथे कामाला येते. कुठलाही आकार अनेक शुद्ध लहरींच्या बेरजेतून उभा करता येतो. स्पंद उभा करायचा, तर लहरी अशा निवडाव्या लागतात की एका क्षणी त्या सगळ्या एकमेकींना साथ देतील आणि इतर सर्व वेळी एकमेकींना खोडून टाकतील.

हे आकड्यांतच पाहू या. ८०० नॅनोमीटर म्हणजे सेकंदाला ३७५ लाख कोटी आंदोलने, थोडक्यात ३७५ टेराहर्ट्झ. समजा आपल्याकडे ३७० पासून ३८० टेराहर्ट्झपर्यंतच्या, सारख्याच ताकदीच्या, दाटीवाटीने बसलेल्या लहरी आहेत. शून्य क्षणी सगळ्यांचे माथे एकत्र आणले. त्या क्षणी प्रकाश सर्वांत प्रखर. आता १०० फेमटोसेकंद जाऊ द्या. ३७० टेराहर्ट्झच्या लहरीने तेवढ्या वेळात बरोबर ३७ आंदोलने केली आणि ती पुन्हा माथ्यावर आली. ३७५ वालीने ३७.५ आंदोलने केली, म्हणजे ती तळाला आहे. दोघींची बेरीज शून्य. ३७१ वालीची ३७.१ आंदोलने झाली आणि ३७६ वालीची ३७.६, पुन्हा अर्ध्याचा फरक, पुन्हा शून्य. पट्ट्याच्या खालच्या अर्ध्या भागातल्या प्रत्येक लहरीला वरच्या अर्ध्यात ५ टेराहर्ट्झ अंतरावर बरोबर उलटी जोडीदारीण सापडते, आणि १०० फेमटोसेकंदांपाशी सगळा प्रकाश विझतो. १० टेराहर्ट्झचा पट्टा असेल तर एकत्र आलेल्या लहरी विखुरायला इतका वेळ लागतोच. त्याआधी त्या एकमेकींना पूर्ण खोडू शकत नाहीत.

हाच खेळ १० फेमटोसेकंदांत आटपायचा असेल तर? १० फेमटोसेकंदांत ३७० वालीची ३.७० आंदोलने होतात आणि ३७५ वालीची ३.७५. फरक नगण्य. दोघी अजून जवळजवळ हातात हात घालून चालल्या आहेत आणि प्रकाश तसाच प्रखर आहे. एवढ्या कमी वेळात अर्ध्या आंदोलनाचा फरक पडायला दोन लहरींत ५० टेराहर्ट्झचे अंतर हवे. ३२५ वालीची ३.२५ होतात आणि ३७५ वालीची ३.७५. म्हणजे पट्टा ३२५ पासून ४२५ टेराहर्ट्झपर्यंत, पूर्वीच्या दहापट रुंद पाहिजे. तरंगलांबीत सांगायचे तर सुमारे ७०५ पासून ९२२ नॅनोमीटरपर्यंत. वेळ दहापट कमी केला, पट्टा दहापट वाढला. स्पंदाची ही सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, बाकीचा तपशील आकाराचा.

तंबोरा जुळवणाऱ्याला हा नियम कानाने ठाऊक असतो. जोडीच्या दोन तारांपैकी एक सेकंदाला २४० वेळा आणि दुसरी २४१ वेळा थरथरत असेल, तर आवाजात सेकंदाला एक असा डोल ऐकू येतो. तो डोल ऐकायला तेवढा वेळ कान लावावा लागतो. तार छेडून सेकंदाच्या दहाव्या भागातच हाताने दाबली, तर कितीही तयार कान असला तरी दोन तारांतला हा फरक त्याला सांगता येणार नाही, कारण तेवढ्या वेळात तो फरक ध्वनीत पुरेसा उमटलेलाच नसतो. स्वर नेमका हवा तर तो टिकला पाहिजे. टिकला नाही तर नेमका राहत नाही. यात अणूंचे किंवा क्वांटमचे काही गूढ नाही. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वामागेही लहरींचे हेच गणित आहे, पण प्रकाशाच्या स्पंदासाठी तिथपर्यंत जायची गरज पडत नाही.

आता गुणाकाराकडे येऊ. प्रयोगशाळेत स्पंदाचा कालावधी मोजतात तो अर्ध्या उंचीवर. प्रकाशाची तीव्रता सर्वोच्च मूल्याच्या निम्म्याहून अधिक जितका वेळ असते, तितका त्याचा कालावधी. वर्णपटाची रुंदीही अशीच, अर्ध्या उंचीवर. घंटेच्या आकाराचा, ज्याला गाउसियन म्हणतात असा स्पंद असेल, तर या दोन रुंदींचा गुणाकार ०.४४ पेक्षा कमी होत नाही:

Δν × Δt ≥ ०.४४

यात Δt म्हणजे कालावधी आणि Δν म्हणजे वारंवारतेचा पसारा. यालाच इंग्रजीतल्याच नावाने टाइम-बँडविड्थ प्रॉडक्ट म्हणतात. आकार बदलला की आकडा बदलतो. अनेक फेमटोसेकंद लेसरमधून येणाऱ्या स्पंदाचा आकार सेक-वर्ग या नावाच्या वक्राशी जुळतो. त्याच्यासाठी आकडा ०.३१५. मघाच्या उदाहरणातल्या, कडा सरळ तोडलेल्या आयताकृती पट्ट्यासाठी तो ०.८९ येतो, १० टेराहर्ट्झच्या पट्ट्यातून म्हणूनच ८९ फेमटोसेकंदांचा स्पंद मिळतो. स्पंदाने हा आकडा गाठला असेल, तर त्याच्या वर्णपटातून याहून छोटा स्पंद काढणे शक्य नाही. तो आपल्या मर्यादेला टेकलेला आहे.

वारंवारतेचा पसारा तरंगलांबीत बदलायचे सूत्र सोपे आहे:

Δλ = λ² × Δν ÷ c

८०० नॅनोमीटरवर १०० फेमटोसेकंदांचा गाउसियन स्पंद घेतला, तर ०.४४१ ला १०० फेमटोसेकंदांनी भागून ४.४१ टेराहर्ट्झ येतात आणि सूत्रात घातल्यावर ९.४ नॅनोमीटर. एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे १००० फेमटोसेकंदांच्या स्पंदाला एक नॅनोमीटरही लागत नाही, ०.९४ पुरतो. १० फेमटोसेकंदांना ९४ नॅनोमीटर लागतात आणि ५ फेमटोसेकंदांना १८८.

सूत्रातल्या λ² कडे दुर्लक्ष केले तर फसगत होते. १० फेमटोसेकंदांसाठी लागणारे ४४ टेराहर्ट्झ कुठेही तेच राहतात, पण नॅनोमीटरच्या भाषेत ते ४०० नॅनोमीटरवर फक्त २३.५ भरतात आणि दूरसंचाराच्या तंतूंत वापरल्या जाणाऱ्या १५५० नॅनोमीटरवर तब्बल ३५३. म्हणून नुसते ‘वीस नॅनोमीटरचा पट्टा आहे’ असे कोणी सांगितले, तर मधली तरंगलांबी विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो.

या हिशेबाने लेसरच्या माध्यमांची निवडही ठरते. हीलियम-निऑन वायूचा लाल लेसर फक्त सुमारे १.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रकाश वाढवू शकतो. तरंगलांबीत हा पट्टा ०.००२ नॅनोमीटर इतका बारीक. ०.४४१ ला १.५ गिगाहर्ट्झने भागले की ०.३ नॅनोसेकंद येतात, म्हणजे तीन लाख फेमटोसेकंद. या लेसरवर कितीही हुशारी खर्च केली, तरी त्याहून छोटा स्पंद निघणार नाही. कारखान्यांत आणि दवाखान्यांत दिसणाऱ्या निओडिमियम-याग स्फटिकाचा पट्टा १०६४ नॅनोमीटरपाशी सुमारे ०.४५ नॅनोमीटर, म्हणजे १२० गिगाहर्ट्झ. तिथे हिशेबाने मर्यादा ३.७ पिकोसेकंद येते. टायटेनियम-सफायर मात्र ६५० पासून ११०० नॅनोमीटरपर्यंत प्रकाश वाढवतो. इतका रुंद पट्टा दोन-अडीच फेमटोसेकंदांच्या स्पंदालाही पुरेल. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये हा लेसर पहिल्यांदा चालवला, आणि फेमटोसेकंदांच्या कामात त्याने आधीच्या रंगद्रव्यांच्या लेसरना मागे टाकले.

तरीही १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात स्पेन्स, कीन आणि सिबेट यांनी या स्फटिकातून जो स्पंद काढून सगळ्यांना चकित केले, तो होता ६० फेमटोसेकंदांचा. एवढ्यासाठी दहा-पंधरा नॅनोमीटरचा पट्टा पुरतो. स्फटिक साडेचारशे नॅनोमीटर द्यायला तयार होता! हात आखडला होता तो दुसऱ्याच एका गोष्टीने, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा तिथेच आहे. रुंद पट्टा ही छोट्या स्पंदाची आवश्यक अट आहे, पण पुरेशी अट नाही.

विजेच्या साध्या दिव्याचा वर्णपट कुठल्याही टायटेनियम-सफायरपेक्षा रुंद असतो, पण त्यातून स्पंद येत नाही, कारण त्यातल्या लहरी आपापल्या वेळेला निघालेल्या असतात आणि त्यांचे माथे कधीच ठरवून एकत्र येत नाहीत. लेसरमध्ये ते एकत्र आणता येतात. पण एकदा आणले, की ते तसेच राहतील याची खात्री नसते. वाटेत काच आली की बिनसते.

हे एका उदाहरणात शेवटपर्यंत पाहू. भिंगे आणि खिडक्यांसाठी वापरली जाणारी शुद्ध सिलिका काच घ्या, जाडी फक्त १ सेंटिमीटर. ८०० नॅनोमीटरच्या स्पंदाला ही काच पार करायला सुमारे ४९ पिकोसेकंद लागतात. पण काचेत सगळ्या तरंगलांब्यांचा वेग सारखा नसतो. लांब तरंगलांबीचा भाग थोडा आधी बाहेर पडतो आणि आखूड तरंगलांबीचा थोडा नंतर. ही तफावत सांगणारा काचेचा आकडा आहे प्रत्येक मिलिमीटरमागे ३६ फेमटोसेकंद-वर्ग. एकक विचित्र वाटते, पण त्याचा उपयोग सरळ आहे. काचेच्या पूर्ण जाडीसाठीचा आकडा काढायचा, इथे साधारण ३६०, आणि त्याला वर्णपटाच्या रुंदीने गुणायचे. गुणताना वारंवारता २π ने गुणून घ्यावी लागते. १० फेमटोसेकंदांच्या स्पंदाची रुंदी ४४.१ टेराहर्ट्झ, २π ने गुणल्यावर ती प्रत्येक फेमटोसेकंदामागे ०.२७७ होते. ३६० गुणिले ०.२७७, म्हणजे १०० फेमटोसेकंद. वर्णपटाच्या तांबड्या कडेकडचा भाग आणि निळ्या कडेकडचा भाग काचेतून बाहेर पडताना एकमेकांपासून १०० फेमटोसेकंद दूर गेले. ४९ पिकोसेकंदांच्या प्रवासात हा फरक पाचशेत एक एवढासा आहे, पण स्पंदच मुळात १० फेमटोसेकंदांचा होता.

गाउसियन स्पंदाचा नवा कालावधी काढायला शाळेतले पायथागोरसचे सूत्र चालते. मूळ कालावधीचा वर्ग अधिक या फरकाचा वर्ग, आणि बेरजेचे वर्गमूळ. १० चा वर्ग १००, १०० चा वर्ग १०,०००. बेरीज १०,१०० आणि वर्गमूळ १००.५. बोटाच्या जाडीपेक्षाही कमी काच, आणि १० फेमटोसेकंदांचा स्पंद १०० फेमटोसेकंदांचा झाला. त्याची सर्वोच्च तीव्रता दहापट घसरली.

याच काचेतून १०० फेमटोसेकंदांचा स्पंद पाठवला तर? त्याचा पट्टा दहापट अरुंद, म्हणून कडांमधला फरकही दहापट कमी, १० फेमटोसेकंद. १०० चा वर्ग अधिक १० चा वर्ग, पुन्हा १०,१०० आणि पुन्हा १००.५. या स्पंदाला काच जवळजवळ जाणवलीच नाही. एकाच काचेतून दोन स्पंद सारख्याच लांबीचे होऊन बाहेर पडले, पण एकाचा पट्टा ९४ नॅनोमीटरचा आहे आणि दुसऱ्याचा ९.४. नुसता कालावधी मोजून ते ओळखू येणार नाहीत. गुणाकाराने ओळखू येतात: दुसऱ्याचा गुणाकार अजून ०.४४ च आहे, तर पहिल्याचा ४.४ झाला आहे. काचेने वर्णपटाला हात लावलेला नाही. सगळे रंग तितकेच आहेत, फक्त त्यांच्या वेळा हलल्या आहेत. अशा स्पंदाच्या पुढच्या टोकाला लांब तरंगलांब्या आणि मागच्या टोकाला आखूड, अशी वारंवारता चढत जाते. यालाच चर्प म्हणतात.

म्हणून लेसरची प्रयोगशाळा चालवणाऱ्यांसाठी हा गुणाकार निदानाचे साधन आहे. समजा वर्णपटमापकावर ८०० नॅनोमीटरपाशी १२ नॅनोमीटरची रुंदी दिसली. फेमटोसेकंद मोजू शकेल इतके चपळ इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही, म्हणून स्पंदाचे दोन भाग करून, एकाला जरा उशीर लावून, स्पंदाने स्पंदालाच मोजतात. या यंत्राला ऑटोकोरिलेटर म्हणतात. त्याने समजा १४० फेमटोसेकंद दाखवले. सेक-वर्ग आकार गृहीत धरला तर या आकड्याला १.५४ ने भागावे लागते; स्पंद निघाला ९१ फेमटोसेकंदांचा. १२ नॅनोमीटर म्हणजे ५.६ टेराहर्ट्झ. गुणाकार ०.५१. हवा होता ०.३१५. या वर्णपटातून ५६ फेमटोसेकंदांचा स्पंद निघू शकतो, आणि आपल्याकडे ९१ आहेत.

पुढचा प्रश्न असतो दोष कुठल्या बाजूचा आहे हा. त्यासाठी झोताच्या वाटेत काचेचा एक जादा तुकडा ठेवतात. स्पंद आणखी लांबला, तर आधीच काचेचे पारडे जड होते. आखूड झाला, तर त्यावरचा उपाय गरजेपेक्षा जास्त झालेला होता. उपाय म्हणजे निळ्या भागाला जवळची आणि तांबड्या भागाला लांबची वाट देणारी मांडणी. १९८४ मध्ये फोर्क, मार्टिनेझ आणि गॉर्डन यांनी दाखवून दिले की प्रिझमच्या जोड्या हे काम करू शकतात, आणि सेंट अँड्र्यूजच्या ६० फेमटोसेकंदांमागेही प्रिझमच होते. आता बऱ्याच ठिकाणी खास थर दिलेले आरसे तेच करतात. हे सगळे करूनही गुणाकार खाली येत नसेल, तर वेळेतली तफावत साध्या सरळ प्रमाणातली उरलेली नाही, तिला वळणे आहेत, असे समजायचे. ती वळणे प्रिझम सरकवून जात नाहीत. १० फेमटोसेकंदांच्या आसपास हीच खरी डोकेदुखी असते.

आणि गुणाकार ०.३१५ च्याही खाली आला तर? आनंद मानायचा नाही, मोजणी तपासायची. आकाराचे गृहीतक चुकले असेल, वर्णपटमापकाचा शोधक प्रखर प्रकाशाने भरून गेला असेल, किंवा झोताच्या एका कडेला वेगळे रंग आणि दुसऱ्या कडेला वेगळे अशी स्थिती असून दोन यंत्रांनी दोन वेगळे भाग पाहिले असतील. अर्ध्या उंचीची रुंदी फसवीही असते. वर्णपटाला मधोमध अणकुचीदार शिखर आणि खाली रुंद पायथा असेल, तर मोजलेली रुंदी शिखराची येते आणि पायथा हिशेबातून निसटतो. अशा वेळी एकट्या गुणाकारावर विसंबू नये. १९९३ मध्ये ट्रेबिनो आणि केन यांनी मांडलेल्या फ्रॉग या पद्धतीने स्पंदाचा आकार आणि चर्प दोन्ही गृहीतकाशिवाय मिळतात.

काचेतला हा दोष मुद्दाम केला, तर कामाला येतो. छोटा स्पंद थेट प्रवर्धकात सोडला तर त्याच्या तीव्रतेने प्रवर्धकाचा स्फटिकच जळेल. डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये स्पंद आधी चर्प देऊन लांबवला, मग वाढवला आणि शेवटी पुन्हा दाबला. या कामाला २०१८ चे नोबेल मिळाले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले टेरावॅट क्षमतेचे लेसर याच पद्धतीवर चालतात. स्पंद कितीही लांबवा, वर्णपट तोच राहतो, म्हणून तो पुन्हा मूळ मापापर्यंत दाबता येतो. वाटेत प्रवर्धकाने वर्णपटाच्या कडा खाल्ल्या, तर मात्र ते नुकसान भरून निघत नाही. २५ फेमटोसेकंदांचा स्पंद परत हवा असेल, तर ३८ नॅनोमीटरची रुंदी शेवटपर्यंत शाबूत राहिली पाहिजे.

प्रत्येक कामाला सर्वांत छोटा स्पंद लागतो असे नाही. डोळ्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे फेमटोसेकंद लेसर साधारण एक मायक्रोमीटर तरंगलांबीचे आणि काही शे फेमटोसेकंदांचे असतात. ३०० फेमटोसेकंदांना तिथे पाचेक नॅनोमीटरचा पट्टा पुरतो, आणि इतक्या अरुंद पट्ट्याला भिंगांची काच फारशी त्रास देत नाही. यंत्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालायला हवे असेल, तर ही निवड शहाणपणाची आहे.

दुसऱ्या टोकाला हाच गुणाकार भिंत होऊन उभा राहतो. ४०० ते ७०० नॅनोमीटर हा सगळा दृश्य प्रकाश एकत्र केला, तर पसारा होतो सुमारे ३२० टेराहर्ट्झ. ०.४४१ ला त्याने भागले की १.४ फेमटोसेकंद. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत एकही रंग न सोडता, सगळ्यांचे माथे अचूक जुळवूनही स्पंद याच्या फार खाली जात नाही. इलेक्ट्रॉनांच्या हालचाली टिपायला ॲटोसेकंद लागतात, म्हणजे फेमटोसेकंदाचा हजारावा भाग. १०० ॲटोसेकंदांना ४४०० टेराहर्ट्झचा पसारा हवा. ऊर्जेच्या भाषेत हा पसारा १८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, आणि दृश्य प्रकाशाच्या एका कणाची स्वतःची ऊर्जा मुळात ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास संपते. म्हणून ॲटोसेकंदांचा स्पंद दृश्य प्रकाशाचा असूच शकत नाही; तो दूरच्या अतिनील किंवा क्ष-किरणांच्या प्रदेशातच घडवावा लागतो. २०२३ चे नोबेल मिळालेल्या ॲन लुईलिए, पिएर ॲगोस्टिनी आणि फेरेंक क्राउस यांनी वायूच्या अणूंवर तीव्र लेसर सोडून नेमका हा प्रदेश गाठला. २००१ मध्ये ॲगोस्टिनींच्या गटाने २५० ॲटोसेकंदांच्या स्पंदांची मालिका मोजली आणि क्राउस यांच्या गटाने ६५० ॲटोसेकंदांचा एकटा स्पंद. २०१७ मध्ये झुरिकला ४३ ॲटोसेकंदांपर्यंत मजल गेली, आणि तेवढ्यासाठी हिशेबाने किमान ४२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा पसारा लागतो.

यापुढे एखाद्या विक्रमी स्पंदाची बातमी वाचाल, तेव्हा त्याच्या वर्णपटाची रुंदी आणि मधली तरंगलांबी शोधा आणि कागदावर हा गुणाकार करून पाहा. आकडा ०.३ ते ०.५ च्या दरम्यान आला, तर त्या वर्णपटातून मिळण्यासारखे जवळपास सगळे मिळवलेले आहे. बातमीत वर्णपट दिलेलाच नसेल, तर ती अर्धी आहे.